एका चौकटीतला ‘नाही’

कॅनडाच्या स्टडी परमिटच्या अर्जात एक प्रश्न असतो. आजवर कॅनडाने किंवा जगातल्या कुठल्याही देशाने तुम्हाला व्हिसा किंवा परवाना नाकारला आहे का? सीमेवरून परत पाठवलं आहे का? देश सोडायला सांगितलं आहे का? उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’ या दोन चौकटींत द्यायचं. ‘होय’ असेल तर खाली तपशील लिहायला जागा असते. हाच प्रश्न पर्यटक व्हिसाच्या अर्जातही आहे.

अमेरिकेने एकदा व्हिसा नाकारला म्हणजे कॅनडाही नाकारणार, असा कुठलाही नियम नाही. आधी नकार मिळालेल्या अनेकांना कॅनडाने पुढे व्हिसा दिलेला आहे. पण तो नकार लपवला, ‘होय’च्या जागी ‘नाही’ झालं आणि ते उघडकीला आलं, तर त्याची किंमत पाच वर्षं आहे. पाच वर्षं कॅनडाची दारं बंद: शिक्षणासाठी, नोकरीसाठी, बहिणीच्या बाळंतपणासाठी किंवा टोरांटोतल्या मुलाला भेटण्यासाठीसुद्धा. खरं सांगितलं असतं तर जे कदाचित अडलंही नसतं, ते खोटं सांगितल्यामुळे पाच वर्षांसाठी अडतं. महाराष्ट्रातून कॅनडाला जाऊ पाहणाऱ्या मुलांनी आणि त्यांच्या आईवडिलांनी हे गणित अर्ज भरण्याआधी समजून घ्यायला हवं, कारण अर्ज सादर झाल्यावर ते फारसं बदलता येत नाही.

ही बंदी येते ती कॅनडाच्या २००१ सालच्या ‘इमिग्रेशन अँड रेफ्युजी प्रोटेक्शन ॲक्ट’ या कायद्यातून. त्यातलं कलम १६ सांगतं की अर्जदाराने विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं खरं उत्तर दिलं पाहिजे. कलम ४० पुढचा परिणाम सांगतं. अर्जाशी संबंधित एखादी महत्त्वाची वस्तुस्थिती चुकीची सांगितली किंवा दडवली, आणि त्यामुळे कायद्याच्या अंमलबजावणीत चूक झाली किंवा होऊ शकली असती, तर ती व्यक्ती कॅनडात प्रवेशासाठी अपात्र ठरते. ही अपात्रता आधी दोन वर्षांची होती. २०१३ मध्ये संसदेने कायदा बदलला आणि नोव्हेंबर २०१४ पासून ती पाच वर्षांची झाली.

या कलमातले दोन शब्दप्रयोग नीट वाचण्यासारखे आहेत. पहिला, ‘प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष’. म्हणजे खोटं अर्जदाराने स्वतः लिहिलेलं असायला हवं असं नाही. एजंटाने लिहिलं, बँकेच्या नावाने कुणी बनावट पत्र तयार केलं, कुटुंबातल्या मुख्य अर्जदाराने काही दडवलं, तरी ते ज्याच्या अर्जात गेलं त्याच्या माथी बसतं. नवऱ्याने लपवलेल्या गोष्टीचा परिणाम ती माहीतही नसलेल्या बायकोवर होऊ शकतो, असं कॅनडाच्या फेडरल कोर्टाने २००५ सालीच म्हटलं आहे. दुसरा शब्दप्रयोग, ‘चूक होऊ शकली असती’. चूक प्रत्यक्षात व्हायला लागत नाही. अधिकाऱ्याने व्हिसा देण्याआधीच खोटं पकडलं, तरी कलम लागू होतं. ‘पण तुम्हाला तर कळलंच होतं, मग फसवणूक कुठे झाली?’ हा बचाव कोर्टात टिकत नाही.

आणि या कलमात ‘हेतू’ हा शब्दच नाही. आपल्याकडे खोटेपणा म्हटलं की फसवण्याचा इरादा गृहीत धरला जातो. कॅनडाचा व्हिसा अधिकारी अर्जदाराच्या मनात काय होतं यापासून सुरुवात करत नाही. तो फाइलीत काय आहे आणि वस्तुस्थिती काय आहे, यातलं अंतर मोजतो.

हे अंतर कळतं कसं? अनेकांना वाटतं की अमेरिकेच्या मुंबईतल्या वकिलातीत झालेली गोष्ट कॅनडाच्या अधिकाऱ्याला कळायचं कारण काय. कारण बोटांचे ठसे. अमेरिकेच्या व्हिसासाठी मुलाखतीआधी ठसे घेतले जातात आणि व्हिसा नाकारला तरी ते तिथेच राहतात. कॅनडानेही २०१८च्या अखेरीपासून भारतीय अर्जदारांसाठी ठसे सक्तीचे केले. या दोन देशांनी २०१२ साली व्हिसाविषयक माहितीच्या देवाणघेवाणीचा करार केला. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांच्याशीही कॅनडाची अशी व्यवस्था आहे. त्यामुळे व्हीएफएसच्या केंद्रात काचेवर बोटं टेकवली जातात, तेव्हा जुन्या नकाराची नोंद शोधण्याचा रस्ता उघडतो. नाव थोडं वेगळं लिहिलं, पासपोर्ट नवा काढला, तरी बोटं तीच असतात.

कागदांचं तपासणं याहून साधं आहे. मुदत ठेवीचं पत्र किंवा खात्यातल्या शिलकीचा दाखला आला की शंका असल्यास अधिकारी बँकेच्या शाखेला विचारतो. अनुभवाच्या दाखल्यावर कंपनीचा फोन नंबर असतो, तिथे फोन जातो. तो नंबर कंपनीचा आहे की दाखला देणाऱ्याच्या मोबाइलचा, हेही पाहिलं जातं. चार दिवसांसाठी कुणाचे तरी पैसे खात्यात आणून ‘बॅलन्स दाखवणं’ ही आपल्याकडची जुनी सवय. इथे एक फरक लक्षात घ्यावा लागतो. खात्यात खरोखर आलेले पैसे आणि त्याचं खरं स्टेटमेंट म्हणजे बनावट कागद नव्हे. अचानक आलेल्या मोठ्या रकमेचा उलगडा झाला नाही, तर अधिकारी बहुधा ‘पुरेसे पैसे असल्याची खात्री पटत नाही’ म्हणून साधा नकार देतो. पण ते पैसे उसने असताना ‘वडिलांची बचत’ असं पत्र जोडलं, किंवा स्टेटमेंटमधले आकडेच बदलले, की मामला साध्या नकाराचा राहत नाही. तो कलम ४० चा होतो.

हा भेद महत्त्वाचा आहे, कारण बोलताना लोक दोन्हींना ‘रिजेक्शन’च म्हणतात. ‘शिक्षण संपल्यावर तुम्ही परत जाल याची खात्री वाटत नाही’ असं सांगून दिलेला नकार म्हणजे बंदी नव्हे. दुसऱ्या दिवशी नवा अर्ज करता येतो. नकाराच्या पत्रात ‘40(1)(a)’ हे कलम आणि पाच वर्षांचा उल्लेख असेल, तर ती बंदी आहे. पत्र हातात आल्यावर सर्वात आधी हे आकडे शोधावेत.

बंदी मात्र एकदम, न विचारता येत नाही. आधी पत्र येतं. कायद्याच्या भाषेत ते ‘प्रोसिजरल फेअरनेस लेटर’. एजंटांच्या बोलण्यात ‘पीएफएल’. आपल्या सरकारी कचेऱ्यांतल्या ‘कारणे दाखवा’ नोटिशीची ही बहीणच म्हणावी. कशाबद्दल शंका आहे, ती खरी ठरली तर काय होईल आणि उत्तर किती दिवसांत द्यायचं, हे त्यात लिहिलेलं असतं. मुदत कधी सात दिवसांची असते, कधी ३० दिवसांची. सगळ्या प्रकरणाचं भवितव्य बहुतेक वेळा या एका उत्तरावर ठरतं.

एक नमुन्याचं प्रकरण घेऊन हे पाहू. व्यक्ती कल्पित आहे, पण प्रकार नेहमीचा आहे. समजा, नाशिकच्या एका अभियंत्याला २०२२ मध्ये अमेरिकेने मुंबईत विद्यार्थी व्हिसा नाकारला. मुलाखत दोन-तीन मिनिटांची झाली, हातात छापील पत्र आलं, पासपोर्ट परत मिळाला. दोन वर्षांनी त्याने कॅनडाच्या एका कॉलेजात प्रवेश मिळवला. अर्ज एका एजंटाने भरला. त्या चौकटीत ‘नाही’ गेलं. मुलाने घाईत, मोबाइलवर आलेलं शेवटचं पान पाहून सही केली. मग मार्चमध्ये पत्र आलं: ‘तुम्हाला यापूर्वी कोणत्याही देशाने व्हिसा नाकारलेला नाही, असं तुम्ही लिहिलं आहे. आमच्या माहितीनुसार अमेरिकेने नाकारला होता. १५ दिवसांत उत्तर द्या.’

आता अधिकारी तीन गोष्टी तपासतो. पहिली, माहिती चुकीची होती का? होती. ही पायरी ठशांनी सोडवली आहे. पुरावा मात्र फौजदारी खटल्यासारखा निःसंशय लागत नाही. ‘असं असण्याची शक्यता नसण्यापेक्षा जास्त’ एवढा पुरतो.

दुसरी, ती महत्त्वाची होती का? इथे अर्जदार बहुधा म्हणतो, ‘अमेरिकेचा नकार सांगितला असता तरी तुम्ही मला व्हिसा दिलाच असता, माझी कागदपत्रं पक्की आहेत.’ हा युक्तिवाद चालत नाही. वस्तुस्थिती निर्णायक असायला लागत नाही. तिच्यामुळे तपासाची दिशा बदलली असती, एवढं पुरतं. नकार माहीत असता तर अधिकाऱ्याने विचारलं असतं, तो का मिळाला? अमेरिकेच्या अर्जात वडिलांचं उत्पन्न किती लिहिलं होतं, नोकरी कुठली, शिक्षण कुठलं? ते आताच्या अर्जाशी जुळतं का? ‘नाही’च्या एका खुणेने ही सगळी चौकशी बंद झाली. कोर्टांनी हाच विचार वारंवार मान्य केला आहे.

तिसरी, ही प्रामाणिक चूक होती का? कॅनडाच्या न्यायालयांनी एक अपवाद मानला आहे, पण त्याचं तोंड फार अरुंद आहे. आपण काहीच दडवत नाही असा अर्जदाराचा प्रामाणिक आणि वाजवी समज असला पाहिजे, आणि ती माहिती त्याच्या आवाक्याबाहेरची असली पाहिजे. स्वतःच्या जन्माविषयीची एखादी गोष्ट आईवडिलांनी आयुष्यभर लपवली आणि ती तपासणीत अचानक बाहेर आली, तर ती या अपवादात बसू शकते. आपल्याला व्हिसा नाकारला गेला होता, हे मात्र त्या अभियंत्याला माहीत होतं. मुलाखतीच्या खिडकीसमोर तो स्वतः उभा होता. म्हणून ‘मी विसरलो’ हे उत्तर जवळजवळ कधीच पुरत नाही.

‘एजंटाने भरलं, मला दाखवलंच नाही’ हेही पुरत नाही. अर्जाखाली सही अर्जदाराची असते आणि ‘यातली माहिती खरी व पूर्ण आहे’ हे त्याचं विधान असतं. सही करण्याआधी अर्ज वाचणं हे त्याचं कर्तव्य आहे, असं कोर्ट म्हणतं. कानाला हे कठोर वाटतं, आणि ते कठोर आहेच. इंग्रजी अर्ज घाबरत भरणारा विद्यार्थी आणि पैसे घेऊन जाणूनबुजून ‘नाही’वर खूण करणारा एजंट, यांच्या वागण्यातला नैतिक फरक या कलमात दिसत नाही. त्यामागचं कारण व्यावहारिक आहे. ‘एजंटाची चूक’ ही सबब चालू दिली, तर प्रत्येक खोट्या अर्जामागे एक एजंट उभा राहील, ही भीती न्यायाधीशांनी निकालांतून बोलून दाखवली आहे.

मग उत्तरात करायचं काय? ज्या उत्तरांचा उपयोग होतो, त्यांत काही गोष्टी असतात. चूक स्पष्ट मान्य केलेली असते, फाटे फोडलेले नसतात. अमेरिकेच्या नकाराचं पत्र आणि त्या वेळच्या अर्जाची प्रत जोडलेली असते, म्हणजे अधिकारी दोन अर्ज शेजारी ठेवून पाहू शकतो आणि दोन्हींत विसंगती नाही हे त्याला दिसतं. नकाराची माहिती एजंटाला दिली होती, याचे त्या वेळचे मेसेज किंवा ईमेल असतील तर ते असतात. आणि सर्वात मोलाचं म्हणजे, आधीच्या एखाद्या अर्जात हाच नकार कॅनडाला कळवला असेल, तर त्याची प्रत असते. ज्याने एकदा स्वतःहून सांगितलं आहे, त्याने दुसऱ्यांदा लपवलं म्हणणं कठीण जातं. अधिकाऱ्याने असं स्पष्टीकरण विचारातच घेतलं नाही म्हणून कोर्टाने निर्णय रद्द करून प्रकरण परत पाठवलं, अशी उदाहरणं आहेत. तरीही, या सगळ्यानंतर नाशिकच्या मुलाची बंदी टळेलच असं सांगणारा सल्लागार भेटला, तर त्याच्यापासून दूर राहावं.

यात एक खड्डा आहे आणि त्यात माणसं पडतात. ऑनलाइन अर्जाचं खातं पुष्कळदा एजंटाच्या ईमेलवर उघडलेलं असतं. पीएफएल तिथेच येतं. आपली चूक झाकण्यासाठी एजंट ते दाखवत नाही, किंवा स्वतःच दोन ओळींचं उत्तर ठोकतो. अर्जदाराला कळतं ते थेट बंदीच्या पत्रातून. खात्याचा ईमेल आणि पासवर्ड आपल्याकडे असणं ही म्हणूनच किरकोळ बाब नाही. शिवाय पैसे घेऊन कॅनडाच्या इमिग्रेशनबद्दल सल्ला देण्याची परवानगी कॅनडाच्या कायद्याने फक्त तिथले वकील, नोंदणीकृत इमिग्रेशन सल्लागार आणि क्वेबेकचे नोटरी यांना दिली आहे. असा प्रतिनिधी असेल तर त्याचं नाव अर्जासोबतच्या वेगळ्या फॉर्मवर असतं. ज्याने फॉर्म भरला पण स्वतःचं नाव कुठेच लिहिलं नाही, तो कॅनडाच्या दृष्टीने या प्रकरणात अस्तित्वातच नसतो. जबाबदारी उरते ती सही करणाऱ्याची.

याचं सर्वात विदारक उदाहरण २०२३ मध्ये समोर आलं. पंजाबातले अनेक विद्यार्थी काही वर्षांपूर्वी जालंधरच्या एका एजंटामार्फत कॅनडात गेले होते. त्यांच्याकडे कॉलेजच्या प्रवेशाची पत्रं होती, त्यांवर व्हिसा मिळाला होता, विमानतळावर प्रवेशही मिळाला होता. तिथे पोचल्यावर एजंटाने सांगितलं की त्या कॉलेजातली जागा भरली, दुसरं कॉलेज घ्या. त्यांनी घेतलं. शिकले, नोकऱ्या केल्या, कर भरले. कायम वास्तव्यासाठी अर्ज केला, तेव्हा जुन्या फाइली उघडल्या आणि कळलं की मूळ प्रवेशपत्रं बनावट होती. सीमा सेवा खात्याने त्यांच्यावर कलम ४० खाली कारवाई सुरू केली. त्या जूनमध्ये मिसिसॉगात विद्यार्थी रस्त्यावर धरणं धरून बसले.

कायद्याच्या अक्षरानुसार ते अपात्र होते, कारण अर्जात खोटा कागद होता आणि त्यावरच व्हिसा मिळाला होता. पण इथे सरकारने दुसरा मार्ग काढला. १४ जून २०२३ रोजी तेव्हाचे इमिग्रेशन मंत्री शॉन फ्रेझर यांनी कृती दल नेमलं. जे खरोखर शिकायला आले होते आणि ज्यांना बनावटपणाची कल्पना नव्हती, त्यांना तात्पुरता वास्तव्य परवाना मिळेल आणि त्यांच्यावर पाच वर्षांची बंदी लागणार नाही, असं जाहीर झालं. मग एकेक फाइल तपासली गेली. विद्यार्थी आल्यावर खरंच वर्गात गेला का? दुसऱ्या कॉलेजात नाव घातलं ते किती लवकर? की थेट कामाला लागला? त्या ऑक्टोबरपर्यंत १०३ प्रकरणं तपासून झाली, तेव्हा ६३ जण प्रामाणिक विद्यार्थी ठरले आणि ४० जण ठरले नाहीत. त्या एजंटाला कॅनडातच अटक झाली, आणि २०२४ मध्ये गुन्हा कबूल केल्यावर तिथल्या न्यायालयाने त्याला तीन वर्षांची शिक्षा सुनावली.

ही मुभा एका विशिष्ट प्रकरणापुरती होती. त्यानंतर सरकारने कायदा सैल केला नाही, तपासणी घट्ट केली. १ डिसेंबर २०२३ पासून प्रत्येक प्रवेशपत्र कॉलेजने ऑनलाइन खरं असल्याचं सांगावं लागतं, तोपर्यंत अर्ज पुढे सरकत नाही. पुढच्या दहा-अकरा महिन्यांत तपासलेल्या सुमारे ५ लाख पत्रांपैकी १० हजारांहून अधिक संशयास्पद निघाली. म्हणजे जी फसवणूक पूर्वी कायम वास्तव्याच्या अर्जापर्यंत दडून राहायची, ती आता पहिल्याच टप्प्यावर पकडली जाते. विद्यार्थ्याच्या दृष्टीने हे बरंच आहे. तीन वर्षं एका देशात घडवलेलं आयुष्य उखडण्यापेक्षा सुरुवातीलाच कळणं बरं.

बंदीची पाच वर्षं कधीपासून मोजायची, हे माणूस कुठे आहे त्यावर ठरतं. नाशिकच्या अभियंत्याचा निर्णय भारतात असतानाच झाला. समजा तो १२ मे २०२५ रोजी झाला, तर बंदी १२ मे २०३० ला संपेल. या काळात तो कायम वास्तव्यासाठी अर्जच करू शकत नाही. पर्यटक व्हिसा मागितला तर तोही याच कारणाने नाकारला जातो. त्याचं लग्न झालं असेल आणि त्याची पत्नी स्वतःच्या बळावर कायम वास्तव्याला पात्र असेल, तरी नवरा अपात्र म्हणून तिचा अर्जही अडतो, मग तो बरोबर जाणार असो वा नसो. लग्न जुळवताना घरांत पत्रिका, पगार, फ्लॅट यांची चौकशी होते. ही बंदी मात्र अनेकदा लग्नानंतर कळते.

कॅनडात असलेल्या माणसाचं गणित वेगळं आणि अधिक फसवं आहे. तिथे आधी अहवाल तयार होतो, मग इमिग्रेशन मंडळासमोर सुनावणी होते आणि देश सोडण्याचा आदेश निघतो. पाच वर्षं मोजायला सुरुवात होते ती आदेशाच्या तारखेपासून नाही, तर आदेशाची अंमलबजावणी झाल्याच्या दिवसापासून. म्हणजे विमानतळावर सीमा अधिकाऱ्याकडून आपण देश सोडल्याची नोंद करून घ्यायला हवी. कुणी घाबरून गुपचूप निघून आलं आणि ती नोंद केलीच नाही, तर कागदावर त्याची पाच वर्षं सुरूच होत नाहीत.

बंदीच्या काळात अगदी आवश्यक कारणासाठी तात्पुरता परवाना मागता येतो, पण तो देणं पूर्णपणे अधिकाऱ्याच्या मर्जीवर असतं. बंदीच्या निर्णयाविरुद्ध कॅनडाच्या फेडरल कोर्टात जाता येतं. कॅनडाबाहेरून झालेल्या निर्णयासाठी ६० दिवसांत, कॅनडात झालेल्यासाठी १५ दिवसांत. आधी खटला ऐकून घेण्याची परवानगी मागावी लागते आणि बऱ्याच अर्जांना ती मिळत नाही. मिळाली, तरी कोर्ट स्वतः व्हिसा देत नाही. अधिकाऱ्याचा निर्णय वाजवी होता का एवढंच ते पाहतं, आणि नसेल तर फाइल दुसऱ्या अधिकाऱ्याकडे पाठवतं. म्हणून कोर्टात जाण्याआधी फाइलीतल्या अंतर्गत नोंदी मागवाव्यात. अधिकाऱ्याने काय वाचलं, कुणाला फोन केला, उत्तराबद्दल काय मत बनवलं, हे त्या नोंदींत तारखेसह असतं.

इतर देशांनी हीच समस्या वेगवेगळ्या पट्टीने मोजली आहे. ब्रिटनमध्ये अर्जातल्या फसवणुकीची बंदी दहा वर्षांची आहे. पण तिथल्या अपील न्यायालयाने २०१० साली स्पष्ट केलं की ‘खोटं’ म्हणजे कुणीतरी जाणूनबुजून केलेला अप्रामाणिकपणा, भाबडी चूक नव्हे. ऑस्ट्रेलियात बनावट कागदासाठी तीन वर्षं, तर स्वतःची ओळख लपवली असेल तर दहा वर्षं. तिथेही फसवणूक कुणीतरी केलेली असावी लागते, अर्जदाराला ती माहीत असलीच पाहिजे असं नाही. अमेरिकेत जाणूनबुजून केलेल्या महत्त्वाच्या दिशाभुलीची बंदी आयुष्यभराची असते. सूट मागता येते, पण सहज मिळत नाही. म्हणजे ब्रिटनची बंदी कॅनडाच्या दुप्पट, पण ती लावण्यासाठी सिद्ध करावं लागणारं अधिक. कॅनडाची बंदी लहान, पण तिच्या जाळ्याची वीण बारीक.

कॅनडात हाच प्रकार फौजदारी गुन्हाही आहे. जाणूनबुजून दिशाभूल केल्याचं सिद्ध झालं, तर १ लाख डॉलरपर्यंत दंड किंवा पाच वर्षांपर्यंत तुरुंगवास, किंवा दोन्ही होऊ शकतं. साध्या अर्जदारांवर तो खटला क्वचित भरला जातो. तो प्रामुख्याने खोटे अर्ज विकणाऱ्यांसाठी वापरला जातो.

१२ मे २०३० नंतर नाशिकचा अभियंता पुन्हा अर्ज करू शकेल. बंदी संपली म्हणजे व्हिसा मिळाला असं नव्हे. अर्ज नव्याने, सगळ्या निकषांवर तपासला जाईल आणि जुनी फाइल त्याच संगणकात असेल. अर्जात तो प्रश्नही असेल. यावेळी ‘होय’च्या चौकटीत खूण करून त्याला दोन नोंदी लिहाव्या लागतील: २०२२ मध्ये अमेरिकेने नाकारलेला विद्यार्थी व्हिसा, आणि २०२५ मध्ये कॅनडाने कलम ४० खाली नाकारलेलं स्टडी परमिट. दोन्ही पत्रांच्या प्रती सोबत जोडाव्यात. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया किंवा युरोपातल्या कुठल्या देशाने असाच प्रश्न विचारला, तर तिथेही याच दोन नोंदी.